जॅकेटची अख्खी चेन नको, फक्त रनर बदला

गेल्या डिसेंबरात एका सकाळी माझा भाचा दारात उभा. पंचवटीतून अंबडला दुचाकीवर जातो, सातची पाळी. नाशिकच्या थंडीत त्या वेळी छातीवर वारा घेणं म्हणजे काय ते रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. म्हणाला, "मावशी, जॅकेटची चेन गेली. टेलर म्हणतो पूर्ण बदलावी लागेल, तीनशे रुपये आणि चार दिवस." मी चेन लावून पाहिली. रनर गळ्यापर्यंत सुरळीत गेला, पण तो वर सरकला तशी त्याच्या मागे पोटापाशी चेन उघडतच राहिली. दात सगळे जागेवर, दातांची कापडी पट्टी कुठे फाटलेली नाही, खालची पिन आणि ती जिच्यात बसते ती डबीही घट्ट. म्हणजे चेन गेलीच नव्हती, रनर गेला होता. १५ रुपयांच्या रनरवर आणि तासाभराच्या कामात ते जॅकेट पुन्हा उभं राहिलं आणि आजही तो तेच घालतो.

मी घरी कपडे दुरुस्तीची कामं करते. माझ्याकडे "चेन बदलून द्या" म्हणून जी जॅकेटं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना नवा रनर पुरतो. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यालाही घरी जमतं. अट एवढीच की रनर योग्य निवडायचा आणि तो योग्य बाजूने चढवायचा. खरी अडचण या दोनच ठिकाणी येते, म्हणून त्या दोन्हींवर सविस्तर लिहिते.

रनर खराब होतो म्हणजे काय होतं

रनर हातात घेऊन उभा धरा. वरच्या बाजूला दोन तोंडं असतात, त्यातून डावी-उजवी पट्टी वेगवेगळी आत येते. खालच्या बाजूला एकच तोंड, तिथून दोन्ही पट्ट्या एकत्र होऊन बाहेर पडतात. दोन तोंडांच्या मधे एक छोटी पाचर असते. चेन उघडताना हीच पाचर दातांना एकमेकांपासून सोडवते. चेन लावताना मात्र काम करतात त्या रनरच्या दोन्ही बाजूंच्या वळलेल्या कडा. खालच्या तोंडाकडे येता येता त्या दातांना दोन्हीकडून दाबतात आणि एकमेकांत अडकवतात.

रनर बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. चेन हजारो वेळा वर-खाली झाली, त्यात धूळ-वाळू गेली, जॅकेट पोटावर घट्ट असताना जोर लावून ओढली, की त्या कडा थोड्या थोड्या फाकत जातात. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो, पण तेवढ्यानेच दाब कमी पडतो. मग दात एकमेकांजवळ येतात आणि अडकत मात्र नाहीत. नवा रनर शेजारी ठेवून दोन्ही उजेडाकडे आडवे धरले तर जुन्याच्या खालच्या तोंडाची फट जास्त रुंद झालेली साध्या डोळ्यांनी दिसते.

दोष रनरचाच आहे ना, हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. रनर चेनच्या तळाशी आणा. लहान पकडीने त्याच्या खालच्या तोंडाच्या कडा हलक्या हाताने दाबा, एकदा डावी, एकदा उजवी, दोन्ही सारख्या. मग चेन लावून पाहा. लागली तर रोग कळला. थोड्या दिवसांसाठी हा उपायही आहे, भाच्याला त्या सकाळी मी एवढंच करून पाठवलं होतं. पण त्यावर विसंबून राहू नका. कड पुन्हा फाकते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला दाबताना ओतीव धातू वाकत नाही, सरळ तडकतो. एकदम जोरात दाबलात तर रनर चेनवरच घट्ट बसतो आणि हलायलाच तयार होत नाही.

चेन एकाच ठराविक जागी उघडत असेल तर आधी त्या जागेचे दात नीट पाहा. एखादा दात पडला असेल किंवा नायलॉनचा वेटोळा तुटला असेल तर नव्या रनरने काही होणार नाही. तसंच खालची पिन पट्टीतून सुटून हलत असेल, किंवा पिनेजवळची पट्टी उसवून तिचे धागे निघाले असतील, तर अख्खी चेनच बदलावी लागते. रनर अडकत असेल तर बहुधा अस्तराचा कपडा किंवा धागा आत गेलेला असतो. तो काढला की काम झालं.

रनर आणताना

बाजारात "जॅकेटचा रनर द्या" एवढंच सांगून चालत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: चेनचा प्रकार, नंबर आणि लॉक.

प्रकार दातांवरून ओळखायचा. दात सुटे नसून एकच बारीक नायलॉनसारखी तार वेटोळे घेत पट्टीवर शिवलेली दिसत असेल तर ती नायलॉन चेन. जाडसर, सुटे, चौकोनी प्लास्टिकचे दात असतील तर ती प्लास्टिक दाताची. पितळी किंवा इतर धातूचे दात असतील तर मेटल. या तिन्हींचे रनर आतून वेगळे असतात. नंबर सारखा असला तरी नायलॉनचा रनर प्लास्टिक दाताच्या चेनवर चालत नाही.

नंबर शोधायला जुना रनर उलटा करा. त्याच्या पाठीवर, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, बारीक अक्षरांत ३, ५, ८ किंवा १० असा आकडा असतो आणि अनेकदा त्याच्यापुढे प्रकाराचं एखादं इंग्रजी अक्षर, जसं नायलॉनसाठी सी. पुढच्या बाजूला किंवा ओढायच्या पट्टीवर वायकेके वगैरे मोठं लिहिलेलं असतं ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव, नंबर नव्हे. हे सांगते कारण लोक तेच वाचून दुकानात जातात. आकडा झिजून गेला असेल तर लावलेल्या चेनच्या दातांची रुंदी मोजपट्टीने मोजा. नंबर साधारण त्या मिलिमीटरच्या आसपास असतो. रोजच्या जॅकेटांना बहुतेक ५ नंबर असतो, जाड, जड जॅकेटांना ८ किंवा १०.

तिसरी गोष्ट लॉकची. नवीन माणूस नेमका इथेच फसतो. जॅकेटच्या रनरमध्ये एक बारीक काटा असतो. ओढायची पट्टी खाली पाडली की तो काटा दातांत उतरतो आणि रनर जागेवर थांबतो. पट्टी उचलली की काटा वर येतो आणि रनर सरकतो. बॅगेच्या रनरला बहुधा हा काटा नसतो. दिसायला दोन्ही सारखेच. बॅगेचा रनर जॅकेटला लावला तर चेन छान लागते, पण गाडीवर बसून पुढे वाकलात की ती आपोआप खाली सरकते. दुकानात "लॉकवाला रनर" असंच मागा आणि तिथेच तपासून घ्या: रनर पालथा करून उजेडात धरा, पट्टी उचला-पाडा, आतल्या पोकळीत काटा वर-खाली होताना दिसला पाहिजे.

मी मेन रोडच्या बाजूला शिलाईचं सामान मिळतं तिथून रनर घेते. बटणं, अस्तर, इलॅस्टिक जिथे मिळतं तिथे रनरही डब्यात सुटे मिळतात. जॅकेट बरोबरच न्या. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे रनर किंचित कमीजास्त असतात. त्यामुळे दुकानातच चेनच्या वरच्या टोकाशी लावून पाहिलेलं बरं. दुकानदार गर्दीत असेल तर मी दोन वेगवेगळे घेऊन येते. त्याचबरोबर वरचे स्टॉपर, म्हणजे धातूचे बारीक यू आकाराचे तुकडे, चार-सहा मागून घ्या.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही पावसाळी जॅकेटांत नायलॉनचे वेटोळे आतल्या बाजूला असतात आणि बाहेरून गुळगुळीत पट्टीच दिसते. त्याला उलट्या चेनचा रनर लागतो. साधा रनर त्यावर चढेल, पण ओढायची पट्टी आतल्या बाजूला येईल. आणि खालून-वरून दोन्हीकडून उघडणारी, दोन रनरची चेन असेल तर पहिल्या प्रयोगाला ती घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम

भाच्याच्या जॅकेटला ५ नंबरची नायलॉन चेन होती, तीच धरून सांगते. सामान म्हणजे बारीक तोंडाची पक्कड, शिवण उसवायला सीम रिपर किंवा ब्लेड, जाड पॉलिस्टर दोरा, सुई, एक सेफ्टी पिन आणि मेणबत्तीचा तुकडा.

सगळ्यात आधी मोबाइलवर जुन्या रनरचा जवळून फोटो काढा, चेन अर्धी लावलेली असताना. ओढायची पट्टी कुठल्या बाजूला आहे, दोन तोंडं कुठे, एक तोंड कुठे, हे सगळं त्यात येतं. नवा रनर हातात घेऊन उलटसुलट करताना डोकं गोंधळतं तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

मग चेन पूर्ण उघडा. दोन पट्ट्या वेगळ्या झाल्यावर एकीच्या तळाशी डबी दिसेल आणि दुसरीच्या तळाशी सुटी पिन. रनर नेहमी डबीच्या पट्टीवर राहतो. जिकडे डबी तिकडेच सगळं काम करायचं, पिनेच्या पट्टीला हात लावायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा पिनेच्या बाजूचा स्टॉपर काढून बसले होते आणि नवा रनर तिकडून घातल्यावर तो सरळ खालून निघून हातात आला.

डबीच्या पट्टीचं वरचं टोक बहुतेक जॅकेटांत कॉलरच्या शिवणीत दडवलेलं असतं. तिथली दोनेक सेंटिमीटर शिवण उसवा. एकेक टाका उचलून कापा, ओढून फाडू नका. पट्टीचा शेंडा मोकळा झाला पाहिजे, तो सरळ बाहेर काढता आला की पुरे. शिवणीची मूळ रेघ कपड्यावर दिसत राहते, परत शिवताना तिच्यावरूनच सुई चालवायची.

आता स्टॉपर. शेवटच्या दाताच्या वर धातूचा तो चिमटा असेल. पकडीच्या टोकाने त्याचे पाय थोडे थोडे उघडा आणि काढा. सरळ ओढलात तर त्याच्याबरोबर नायलॉनचा वेटोळाही निघून येतो. काही चेनना प्लास्टिकचा ओतलेला स्टॉपर असतो. तो तार कापायच्या कटरने बाजूने थोडा थोडा तोडावा लागतो, पट्टीचा कपडा कापला जाणार नाही याकडे लक्ष देऊन. स्टॉपर नेमका कुठे होता तिथे पेनाने बारीक ठिपका करून ठेवा.

स्टॉपर निघाला की जुना रनर वर सरकवून काढून घ्या. तो अडकून बसला असेल तर कटरने पाचरेजवळ तोडावा लागतो. त्या वेळी चेहरा बाजूला ठेवा, तुकडा उडतो. जुना रनर टाकू नका, पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून दाखवायला उपयोगी पडतो.

यापुढचा टप्पा सावकाश करायचा. नवा रनर असा धरा की ओढायची पट्टी तुमच्याकडे, म्हणजे जॅकेटच्या बाहेरच्या बाजूला, आणि दोन तोंडं कॉलरकडे. म्हणजे एक तोंड खाली, जॅकेटच्या काठाकडे. रनर वरून खाली चढवायचा आहे, त्यामुळे पट्टीचा शेंडा त्या एकाच तोंडातून आत जाऊन वरच्या दोन तोंडांपैकी आपल्या बाजूच्या तोंडातून बाहेर येईल. डबीची पट्टी तुम्हाला उजवीकडे दिसत असेल तर उजव्या तोंडातून, डावीकडे असेल तर डाव्या. हे उलट झालं, म्हणजे दोन तोंडं खाली गेली, तरी रनर चढतो आणि खालपर्यंत सरकतोही. पण पिन डबीत बसवून वर ओढायला गेलात की चेन लागत नाही. मग सगळं परत काढावं लागतं.

शेंडा मऊ असतो आणि रनरच्या आत दुमडतो, म्हणून मी दोऱ्याची मदत घेते. सुईत दुहेरी दोरा ओवून पट्टीच्या अगदी शेंड्यात एक टाका घालते आणि गाठ मारते. मग सुई रनरच्या खालच्या तोंडातून घालून वरच्या योग्य तोंडातून काढते. दोरा ओढला की त्याच्यामागून पट्टीचा शेंडा अलगद रनरमध्ये येतो. पट्टीची कपड्याची कड रनरच्या बाजूच्या फटीतून बाहेर राहिली पाहिजे आणि नायलॉनचे वेटोळे आत, पाचरेच्या बाजूला. या वेळी ओढायची पट्टी उचलून धरा. ती पडलेली असेल तर लॉकचा काटा खाली असतो, वेटोळ्यांना अडतो, आणि तुम्हाला वाटतं रनरचा नंबर चुकला. डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा, उजव्या हाताने पट्टी उचललेला रनर हळूहळू खाली आणायचा. पहिले दोन-तीन वेटोळे आत गेले की हाताला एक बारीक खरखर जाणवते, प्रत्येक वेटोळ्याची. ती जाणवली म्हणजे रनर दातांवर बसला. नुसता सैल, गुळगुळीत सरकत असेल तर तो दातांवर नसून कपड्यावरच आहे.

रनर खाली थेट डबीपर्यंत न्या. डबीला टेकल्याशिवाय पिन घालू नका. रनर अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिला तरी पिन डबीत पूर्ण उतरत नाही, दोन बाजूंचे दात एक-दोनने पुढेमागे लागतात आणि वर पोहोचल्यावर एक बाजू उंच, मधे फुगा. असं दिसलं तर जोर लावू नका, चेन उघडून परत पहिल्यापासून लावा.

पहिल्यांदा वर ओढण्याआधी पट्टीच्या शेंड्यात, ठिपक्याच्या थोडं वर, सेफ्टी पिन आडवी टोचून ठेवा. अजून स्टॉपर नाही, रनर सरळ वरून निघून जाईल. आता दहा वेळा चेन लावा-उघडा. रनरच्या मागे चेन कुठे उघडते का ते बघा. चेन लावून रनर पोटाजवळ थांबवा, ओढायची पट्टी खाली पाडा आणि कपडा दोन्ही हातांनी बाजूला ताणा. रनर खाली घसरला तर लॉक काम करत नाही, रनर बदलून आणा. जड सरकत असेल तर मेणबत्तीचा तुकडा दातांवरून दोनदा फिरवा. खाण्याचं तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांत आधीपेक्षा जास्त अडकतं.

सगळं ठीक असेल तर स्टॉपर बसवा. नवा यू आकाराचा तुकडा ठिपक्यावर, शेवटच्या वेटोळ्याच्या लगेच वर ठेवा, दोन पाय पट्टीच्या दोन्ही बाजूंना, आणि पकडीने दाबा. जुना परत वापरू नका. एकदा उघडलेले पाय दुसऱ्यांदा दाबले की तुटतात. स्टॉपर मिळाला नाही तर दोऱ्याचाही चालतो: दुहेरी पॉलिस्टर दोऱ्याने त्याच जागी पट्टीच्या कडेवरून सात-आठ वेढे घट्ट घ्या, शेवटी मागच्या बाजूला गाठ. दोऱ्याची गुठळी एवढी हवी की रनरच्या तोंडात शिरणार नाही. रनर जोरात वर ओढून तपासा. भाच्याला मी दोऱ्याचाच करून दिला, स्टॉपर त्या दिवशी घरात संपले होते. मग शेंड्याचा ओढायचा दोरा कापून, पट्टी परत कॉलरमध्ये दुमडून, उसवलेली शिवण हाताने मागच्या टाक्याने शिवली.

नवा रनर बसवूनही चेन मागे उघडत राहिली तर दोन शक्यता. एक, रनर किंचित सैल कंपनीचा आला. पकडीने अगदी हलकं दाबून पाहा, सुधारली तर दुसरा रनर घ्या. दुसरी, वेटोळेच झिजून चपटे झालेत. चेन अर्धी लावून लागलेला भाग बोटाने आडवा दाबा. न ओढता नुसत्या दाबण्याने दात सुटत असतील तर कोणताही रनर त्यांना धरून ठेवणार नाही, आणि टेलरकडे पूर्ण चेन बदलायला देणंच योग्य.

जॅकेट धुताना चेन लावून, रनर वर नेऊन, ओढायची पट्टी पाडून धुवा. उघडी चेन मशिनमध्ये इतर कपड्यांत अडकून ताणली जाते आणि नव्या रनरच्या कडा तिथेच फाकायला लागतात. दोऱ्याचा स्टॉपर असेल तर दोन-तीन धुण्यांनंतर तो एकदा बघा. वेढे सैल झालेले दिसले तर त्याच्यावरूनच आणखी चार वेढे घ्या.